पहिल्या तारखेची जमा मागच्या महिन्यात: चार्टमधल्या चुकीची तक्रार कशी लिहावी

आमच्या वहिनींची इंदूरला भँवरकुआँजवळ मेस आहे. कोचिंगला आलेली मुलं तिथे दोन वेळा जेवतात. महिन्याचे 2,600 रुपये, आणि बहुतेकांचे पैसे घरून एक तारखेलाच येतात. वहिनी रजिस्टर ठेवतातच, पण वर्षभरापासून तीच जमा एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्येही भरतात. जुलैच्या मध्यावर त्यांना ठरवायचं होतं की पोळ्यांसाठी आणखी एक मावशी ठेवायच्या की नाही. सॉफ्टवेअरमधला महिन्यांचा चार्ट उघडला तर जुलैचा खांब 39,000 वर थांबलेला. मुलं 46, सगळ्यांचे पैसे आलेले, रजिस्टरमध्ये 1,19,600 लिहिलेले. नोंदींच्या यादीतही तेवढेच. फक्त चार्ट वेगळं सांगत होता.

त्यांनी लगेच कंपनीला लिहिलं: ‘तुमचा ग्राफ चुकीचा आहे. जुलैचे पैसे दाखवत नाही. लवकर दुरुस्त करा.’ दोन दिवसांनी उत्तर आलं: ‘आमच्याकडे ग्राफ बरोबर दिसतो. कृपया कॅशे साफ करून पाहा.’ कॅशे साफ केला, खांब जागचा हलला नाही. मग वहिनींचा मला फोन आला, “अगं, तू तर हेच काम करतेस ना, तूच लिही आता.”

मी सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते आणि अशा तक्रारी रोज वाचते. कंपनीचं ते उत्तर खोटं नव्हतं. त्यांच्याकडे खरंच बरोबर दिसत होतं. ‘जुलैचे पैसे दाखवत नाही’ हे वाचून तिथला माणूस फार तर आपला एक चार्ट उघडून बघू शकतो, आणि त्याच्या संगणकावर तो चार्ट ठीकच असतो. आपल्याकडची चूक त्याच्या टेबलावर घडवून दाखवता आली तरच तो पुढे काही करू शकतो. त्यासाठी काय काय करावं, ते याच एका प्रकरणावरून सांगते.

आधी फरकाची रक्कम काढा

‘चार्ट चुकतोय’ असं लिहायच्या आधी तो किती चुकतोय ते काढा. 1,19,600 मधून 39,000 वजा केले की 80,600 उरतात. आता ही रक्कम रजिस्टरमध्ये कुठे दिसते का, ते शोधायचं. वहिनींच्या रजिस्टरमध्ये 1 जुलैला 31 मुलांनी पैसे दिले होते. 31 गुणिले 2,600 म्हणजे बरोबर 80,600. म्हणजे पैसे इकडेतिकडे थोडे थोडे गळत नव्हते, एका दिवसाची जमा अख्खी गायब होती, आणि तो दिवस महिन्याचा पहिला होता.

मग चार्ट ‘मासिक’वरून ‘दैनिक’वर केला. ते 80,600 रुपये 30 जूनच्या खांबावर उभे होते. 3 जुलैची जमा 2 जुलैवर, 5 ची 4 वर. सगळंच एक दिवस मागे सरकलेलं. बाकीच्या दिवसांना महिन्याच्या आत सरकायला जागा होती, म्हणून मासिक चार्टमध्ये ते कळलं नाही. एक तारखेला ती जागा नसते.

ही चूक वर्षभर का दिसली नाही, हेही इथेच उलगडलं. प्रत्येक महिन्याची पहिली तारीख मागच्या महिन्यात जात होती आणि पुढच्या महिन्याची पहिली या महिन्यात येत होती. मुलांची संख्या सारखी असली की मागच्या महिन्यांचे खांब बरोबरच वाटायचे. चालू महिना तेवढा बुटका दिसायचा, आणि वहिनी समजायच्या की महिना अजून संपायचाय.

खऱ्या हिशेबावर नाही, कोऱ्या वहीवर दाखवा

वहिनींची पूर्ण वही कंपनीला पाठवून उपयोग नसतो. त्यात शेकडो नोंदी, मुलांची नावं, मोबाइल नंबर. तपासणाऱ्याला त्यातून वाट काढावी लागते, आणि मुलांची माहिती बाहेर जाते ती वेगळीच. वहिनींनी पहिल्या संदेशाला जो स्क्रीनशॉट जोडला होता त्यात नऊ मुलांचे नंबर वाचता येत होते. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये एक नवी वही उघडायची, तिला ‘चाचणी’ नाव द्यायचं, आणि चूक दिसायला लागतील तेवढ्याच नोंदी करायच्या.

इथे पाच नोंदी पुरल्या. तारखा निवडताना महिन्याच्या दोन्ही कडा घेतल्या, कारण चूक कडेवर दिसते. जुलैऐवजी उलटून गेलेले महिने घेतले, कारण पुढची तारीख टाकू न देणारी सॉफ्टवेअरं असतात आणि तिथेच तपासणाऱ्याचं काम अडतं.

रकमांचा विचार मी जरा जास्त करते. पाचही नोंदी 100 रुपयांच्या केल्या तर 200 चा खांब बघून त्यात कोणत्या दोन नोंदी आल्या ते कळणार नाही. म्हणून प्रत्येक रक्कम आधीच्या दुप्पट धरायची:

```
30-04-2025    100
01-05-2025    200
02-05-2025    400
31-05-2025    800
01-06-2025   1600
```

यातल्या कुठल्याही नोंदींची बेरीज दुसऱ्या कुठल्या जोडणीतून येत नाही. 300 दिसले की ते 100 आणि 200 च, दुसरं काही असूच शकत नाही. दहापट रकमा घेतल्या तरी हे साधतं, पण मग 10,000 च्या खांबाशेजारी 10 चा खांब डोळ्यांना दिसतच नाही. दुपटीत सगळे खांब दिसतात.

हिशेब बरोबर असेल तर एप्रिल 100, मे 1,400, जून 1,600 दिसायला हवं. आम्हाला दिसलं एप्रिल 300, मे 2,800, आणि जून रिकामा. एप्रिलमध्ये 1 मेचे 200 आले, मेमध्ये 1 जूनचे 1,600 आले. पाच नोंदींत पूर्ण चूक उभी राहिली.

एक काळजी घ्या. नोंदी ज्या रस्त्याने खऱ्या वहीत जातात त्याच रस्त्याने इथे करा. वहिनी ‘जमा नोंद’ उघडून कॅलेंडरमधून तारीख निवडतात, म्हणून मीही तसंच केलं. नंतर याच पाच नोंदी फाइलमधून आयात करून पाहिल्या, तर चार्ट बरोबर आला. मी आधी आयात करून बघितलं असतं तर ‘चूक नाहीच’ असं म्हणून बसले असते. हा फरक तक्रारीत लिहायलाच हवा, कारण दोष कुठे शोधायचा ते त्यावरून कळतं.

एका वेळी एकच गोष्ट बदला

आता चूक कशाने जाते ते बघायचं. फायरफॉक्समध्ये नवी वही केली, तेच. मोबाइलवर केली, तेच. दादाच्या लॅपटॉपवर, तेच. मग मी लॅपटॉपचा टाइम झोन बदलला. विंडोजमध्ये `Settings` > `Time & language` > `Date & time` इथे जाऊन `Set time zone automatically` बंद केलं आणि यादीतून `(UTC) Coordinated Universal Time` निवडलं. ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा उघडला, आणखी एक कोरी वही केली, त्याच पाच नोंदी त्याच पद्धतीने केल्या. चार्ट बरोबर: 100, 1,400, 1,600.

नवी वही करणं इथे महत्त्वाचं आहे. टाइम झोन बदलून मी आधीची चाचणी वही उघडली तेव्हा चार्ट होता तसाच चुकीचा होता. पण आता नोंदींची यादीसुद्धा चुकीची झाली होती, 1 मेच्या जागी 30 एप्रिल दाखवत होती. म्हणजे चूक जपून ठेवलेल्या नोंदीतच बसली होती, आणि इतके दिवस यादी ती झाकत होती.

याचं कारण असं. आपण फक्त तारीख निवडतो, वेळ देत नाही, तेव्हा बरीच सॉफ्टवेअरं त्या दिवसाची रात्री बाराची वेळ धरतात. जपून ठेवताना ती जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजेच UTC मध्ये, बदलतात. आपलं घड्याळ त्या वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे, म्हणून आपली 1 मेची रात्रीची बाराची वेळ तिथे 30 एप्रिलची संध्याकाळी साडेसहा होते. यादी दाखवताना ब्राउझर साडेपाच तास परत मिळवतो आणि 1 मे दिसते. चार्ट बनवताना ते परत मिळवायचं राहून गेलं, की 30 एप्रिल उरते. ब्राउझरमध्ये F12 दाबून `Console` उघडा आणि हे टाका:

```
new Date(2025, 4, 1).toISOString()
```

जावास्क्रिप्ट महिने शून्यापासून मोजतं, म्हणून 4 म्हणजे मे. भारतातल्या टाइम झोनवर उत्तर येतं `2025-04-30T18:30:00.000Z`. यातली पहिली दहा अक्षरं कोणी तारीख म्हणून उचलली, तर एक दिवस गेलाच.

कंपनीला ‘आमच्याकडे बरोबर दिसतं’ ते कसं, हेही यातून समजतं. त्यांचा माणूस पुण्यात बसलेला असला तरी तपासणी बहुतेक वेळा दुरून चालवायच्या संगणकांवर होते, आणि त्यांचं घड्याळ सर्रास UTC वर ठेवलेलं असतं. तिथे हा दोष दिसणारच नाही. अमेरिकेतल्या संगणकावरही दिसणार नाही, कारण तिथलं घड्याळ मागे आहे आणि रात्री बारा तिथून मोजले तरी तारीख तीच राहते.

तपासून झालं की टाइम झोन आधी परत `(UTC+05:30) Chennai, Kolkata, Mumbai, New Delhi` वर आणा, मगच खऱ्या वहीत हात घाला. नाहीतर त्या नोंदी आणखी तिसऱ्याच पद्धतीने साठतील.

संदेश

वहिनींच्या सॉफ्टवेअरचा मदत विभाग मराठीत उत्तर देतो, म्हणून मराठीत लिहिलं. तुम्हाला हिंदीत किंवा इंग्रजीत लिहावं लागलं तरी क्रम हाच ठेवा.

> विषय: मासिक चार्टमध्ये 1 तारखेची जमा मागच्या महिन्यात दिसते (भारतीय टाइम झोनवर, हाताने केलेल्या नोंदी)
>
> नमस्कार,
>
> याआधीच्या तक्रारीवर आपण ‘आमच्याकडे बरोबर दिसतं’ असं कळवलं होतं. आता चूक ठरावीक पायऱ्यांनी दरवेळी दिसते. पायऱ्या सुरू करण्यापूर्वी संगणकाचा टाइम झोन भारताचा आहे हे कृपया पाहावं. UTC वर ही चूक दिसत नाही.
>
> पायऱ्या:
> 1. टाइम झोन UTC+05:30 ठेवून ब्राउझर नव्याने उघडावा.
> 2. ‘नवी वही’ करावी.
> 3. ‘जमा नोंद’ मध्ये कॅलेंडरमधून तारीख निवडून या पाच नोंदी कराव्या: 30-04-2025 रु. 100, 01-05-2025 रु. 200, 02-05-2025 रु. 400, 31-05-2025 रु. 800, 01-06-2025 रु. 1,600.
> 4. ‘अहवाल’ मध्ये ‘चार्ट’ उघडून ‘मासिक’ निवडावं, कालावधी एप्रिल ते जून 2025.
>
> काय दिसायला हवं: एप्रिल 100, मे 1,400, जून 1,600.
> काय दिसतं: एप्रिल 300, मे 2,800, जून रिकामा. ‘दैनिक’ चार्टमध्ये प्रत्येक नोंद एक दिवस आधी दिसते. नोंदींच्या यादीत तारखा बरोबर आहेत.
>
> कुठे तपासलं: विंडोज 11 वर क्रोम आणि फायरफॉक्स, अँड्रॉइड मोबाइलवर क्रोम. सगळीकडे, प्रत्येक वेळी.
> कधी दिसत नाही: टाइम झोन UTC ठेवून नव्या वहीत नोंदी केल्यास, आणि त्याच नोंदी फाइलमधून आयात केल्यास.
>
> आमचा अंदाज: कॅलेंडरमधून निवडलेली तारीख UTC मध्ये साठते आणि चार्ट तीच तारीख थेट वापरतो. हा अंदाज आहे, वरच्या गोष्टी मात्र पाहिलेल्या आहेत.
>
> परिणाम: जुलैची जमा 1,19,600 ऐवजी 39,000 दिसली. याच चार्टवरून नोकरमाणसांचा खर्च ठरतो.
>
> कृपया कळवावं: दुरुस्ती झाल्यावर जुन्या नोंदींचा चार्टही बरोबर होईल का?
>
> संगणकाचा टाइम झोन बदलायचा नसेल तर क्रोममध्ये F12 दाबून Ctrl+Shift+P मधून `Show Sensors` उघडावं, Location मध्ये `Mumbai` निवडावं आणि पान पुन्हा लोड करून पायरी 2 पासून करावं.
>
> सोबत: चार्ट आणि नोंदींची यादी यांचे दोन स्क्रीनशॉट (चाचणी वहीचे).

विषयाच्या ओळीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. कंपनीत ही ओळ चारपाच माणसांच्या नजरेखालून जाते, आणि त्यातले बहुतेक पुढचं वाचत नाहीत. ‘ग्राफ चुकीचा’ म्हटलं की तक्रार सामान्य मदतीकडे जाते. ‘1 तारखेची जमा मागच्या महिन्यात’ आणि ‘भारतीय टाइम झोनवर’ हे दिसलं की ती तारखांचं काम बघणाऱ्याकडे जाते.

अंदाज वेगळ्या ओळीत ठेवायचाच. पायऱ्यांमध्ये ‘मग तारीख UTC मध्ये बदलते’ असं घुसवलं, आणि ते नेमकं तसं नसलं, तर वाचणारा अंदाज खोडून काढतो आणि त्याबरोबर तक्रारही बाजूला ठेवतो. आपण जे पाहिलं ते कोणी खोडू शकत नाही.

‘कधी दिसत नाही’ ही ओळ लोक सोडून देतात. खरं तर या संदेशातली सर्वांत मोलाची ओळ तीच आहे. चूक कुठे आहे हे पायऱ्यांनी कळतं, कुठे नाही हे या ओळीने, आणि शोधायची जागा दोन्हीकडून आवळली जाते.

स्क्रीनशॉट पूर्ण खिडकीचा घ्या, खांबावर माउस ठेवून, म्हणजे त्यावरचा आकडा, निवडलेला कालावधी आणि ‘मासिक’ हा पर्याय एकाच चित्रात येतात. मोबाइलने काढलेला स्क्रीनचा तिरपा फोटो पाठवू नका, त्यात आकडे वाचता येत नाहीत.

पाठवण्याआधी एक परीक्षा घ्या. ज्यांनी हे सॉफ्टवेअर कधी उघडलेलं नाही अशा कोणाला तरी फक्त पायऱ्या वाचायला देऊन बसवा, आणि तुम्ही गप्प राहा. मी पुतण्याला बसवलं. तो चौथ्या पायरीला अडला, कारण चार्ट उघडल्यावर आपोआप चालू महिनाच येतो आणि एप्रिल दिसतच नव्हता. ‘कालावधी एप्रिल ते जून 2025’ हे शब्द तेव्हा आत आले.

उत्तर आल्यावर

दुसऱ्या दिवशी कंपनीचं उत्तर आलं, ‘चूक दिसली, दुरुस्तीला घेतली आहे.’ आठवड्याभराने ‘दुरुस्त झालं’ असं आलं. इथे तक्रार लगेच बंद करू नका. तीच जुनी चाचणी वही उघडा: 100, 1,400, 1,600 दिसतं का? मग कोरी वही करून पाच नोंदी पुन्हा करा. दोन्ही वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. साठवायची पद्धत बदलली असेल तर नवी वही बरोबर येते आणि जुनी तशीच राहते. आणि ज्या नोंदी आयात केल्या होत्या तीही वही उघडा. घाईच्या दुरुस्तीत सरसकट एक दिवस पुढे ढकलला गेला असेल तर जे आधी बरोबर होतं ते आता चुकतं, आणि 31 मेचे 800 जूनमध्ये जाऊन बसलेले दिसतात.

आमच्या तिन्ही वह्या बरोबर आल्या, पण वहिनींच्या खऱ्या वहीत जुलैचा खांब 1,19,600 ऐवजी 1,35,200 वर गेला. ऑगस्टचा आकडाही जुळेना. विचारलं तर वहिनी म्हणाल्या, दुरुस्तीची वाट बघताना त्यांनी ऑगस्टपासून एक तारखेची जमा मुद्दाम 2 तारखेला टाकायला सुरुवात केली होती, म्हणजे चार्ट तरी बरोबर दिसेल. महिन्याची बेरीज त्याने बिघडत नाही, पण सहा मुलांची जमा त्यांनी गडबडीत 2 ऐवजी 31 जुलैला टाकली होती. अशी तात्पुरती युक्ती करायचीच असेल तर कोणत्या नोंदींत केली ते लिहून ठेवा. वहिनींनी रजिस्टरमध्ये त्या ओळींसमोर लाल पेनाने खूण केलेली होती, त्यामुळे संध्याकाळच्या पोळ्या सुरू व्हायच्या आत आम्ही दोघींनी बसून एकेक तारीख परत 1 ऑगस्ट केली.